दिवाळीच्या सुट्टीची वेबसाइटवरची सूचना: शेवटची तारीख नेमकी कोणती लिहायची?

सुगरण_सातारा (२३ सप्टेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. काल घट बसले, म्हणजे आमच्या घरात दिवाळीची गडबड सुरू झालीच. मी आणि माझी जाऊ साताऱ्यात घरून फराळ करून विकतो. मदतीला चार बायका आहेत. तीन वर्षांपासून छोटी वेबसाइट आहे आणि निम्म्याहून जास्त डबे कुरियरने बाहेरगावी जातात.

गेल्या वर्षी मुख्य पानावर ही सूचना लावली होती:

"दिवाळीनिमित्त आमचे कामकाज ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर बंद राहील. डिलिव्हरीस विलंब होऊ शकतो. सहकार्याबद्दल धन्यवाद."

मला वाटलं, सगळं सांगून झालं. पण २६० डब्यांपैकी ४७ डबे पहिल्या अंघोळीनंतर पोचले. नोएडाच्या एका ताईंनी २५ ऑक्टोबरला ऑर्डर दिली. आमच्याकडे डबे साठले होते म्हणून त्यांचा डबा २८ ला निघाला आणि ६ नोव्हेंबरला पोचला, म्हणजे भाऊबीजही होऊन गेली. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज चढलेला नव्हता, उलट अगदी शांत होता. त्या म्हणाल्या, "तुमची सुट्टी ३१ पासून होती. मी २५ लाच ऑर्डर केली. मग माझं काय चुकलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

यंदा पहिली अंघोळ २० ऑक्टोबरला आहे, भाऊबीज २३ ला. सूचना कशी लिहू? शेवटची तारीख कोणती देऊ? अनुभवी लोकांनी सांगावं.

वाईकर (२३ सप्टेंबर)

ताई, पाटी मोठ्या अक्षरात, लाल रंगात लावा आणि दोन दिवस आधी लावा. आमच्या दुकानाला दर वर्षी अशीच लावतो. आजवर कुणाची तक्रार नाही.

सुगरण_सातारा (२३ सप्टेंबर)

दादा, दुकानाची पाटी नाही, वेबसाइटवरची सूचना. दारात आलेला माणूस पाटी वाचून परत जातो. इथे पैसे आधीच भरलेले असतात आणि माणूस असतो दिल्लीत.

वाईकर (२३ सप्टेंबर)

अस्सं होय. मग माझा अनुभव कामाचा नाही. वाचतोय.

टपालकाका (२३ सप्टेंबर)

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. माझं स्पष्ट मत आहे की खाजगी कुरियरच्या नादी न लागता रजिस्टर पार्सल करावं. उशीर झाला तरी वस्तू हरवत नाही. आणि स्पीड पोस्ट दिल्लीला तीन दिवसांत जातंच जातं, दिवाळी असो की शिमगा. त्यामुळे १५ ऑक्टोबरपर्यंत ऑर्डरी बिनधास्त घ्या.

हळदवाला_सांगली (२४ सप्टेंबर)

ताई, मी सांगलीतून हळद पावडर आणि बेदाणे पाठवतो, आठ वर्षं झाली. तुमच्या त्या नोएडाच्या ताईंनी सगळं दुखणं एका वाक्यात सांगितलंय. तुमची सूचना तुमच्या सुट्टीबद्दल होती, त्यांच्या डब्याबद्दल नव्हती. गिऱ्हाइकाला आपण कधी झोपतो, कधी उठतो याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला एवढंच कळायला हवं असतं की आज पैसे भरले तर डबा सणाआधी हातात पडेल का.

"विलंब होऊ शकतो" हे वाक्य तर काढूनच टाका. बारा महिने सगळीकडे तेच लिहिलेलं असतं, त्यामुळे डोळा त्याच्यावरून घसरतो.

तारीख काढायची ती उलटी मोजत यायची, सणापासून तुमच्या कढईपर्यंत. त्यासाठी दोन गोष्टी सांगा. तुम्ही दिवसाला किती डबे बांधून तयार करू शकता? आणि कुरियरवाला कधी येतो?

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण दोन गोष्टी. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच विलीन करताहेत. आणि सणाच्या आठवड्यात दिल्लीला तीन दिवस हा हिशोब माझ्या वहीत तरी बसत नाही.

टपालकाका (२४ सप्टेंबर)

विलीनीकरणाचं बरोबर आहे, वाचलं होतं, पण जुनी सवय तोंडातून जात नाही. तीन दिवसांचं मी आमच्या काळातल्या अनुभवावरून बोललो. पण एक गोष्ट माझ्याकडून घ्या. सुट्ट्यांची यादी राज्याची वेगळी आणि केंद्राची वेगळी असते. यंदा केंद्राची दिवाळीची सुट्टी २० ला आहे आणि आपल्या राज्याची लक्ष्मीपूजनाची २१ ला, पाडव्याची २२ ला. पार्सल दोन्हींच्या मधे सापडलं की तीन दिवस जागचं हलत नाही.

सुगरण_सातारा (२४ सप्टेंबर)

दादा, डबा अडीच किलोचा: चकली, चिवडा, शेव, शंकरपाळी आणि बेसनाचे लाडू, प्रत्येकी अर्धा किलो. सहा जणी मिळून दिवसाला ३० डबे नीट होतात. गेल्या वर्षी शेवटच्या आठवड्यात ४५ करायला गेलो, तर चकल्या गार व्हायच्या आत भरल्या गेल्या आणि पिशवीत आतून वाफ धरली. काही डब्यांतल्या चकल्या मऊ पडल्या. ते पुन्हा करणार नाही. कुरियरवाला रोज चार वाजता येतो, रविवारी नाही.

हळदवाला_सांगली (२४ सप्टेंबर)

उत्तम. आता मोजू या.

पहिली अंघोळ सोमवारी २० ला. १९ ला रविवार, त्या दिवशी डबा दारात येईल असं धरून चालायचं नाही. म्हणजे डबा पोचायचा शेवटचा भरवशाचा दिवस शनिवार, १८ ऑक्टोबर.

आता वाटेत किती दिवस लागतात ते पाहा. कुरियर कंपनी सांगते तो आकडा घ्यायचा नाही. गेल्या वर्षीच्या शेवटच्या दोन आठवड्यांच्या पावत्या काढा आणि त्यावरून बघा. माझ्या वहीत एरवी दोन दिवसांचं पुणे-मुंबई सणात चार दिवसांवर जातं, बंगळूर-हैदराबाद सहा-सात, आणि दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी आठ-नऊ. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, पण चढ असाच दिसेल.

म्हणजे दिल्लीचा डबा गुरुवारी ९ ऑक्टोबरला तुमच्या घरातून निघायला हवा. दक्षिणेचा शनिवारी ११ ला. महाराष्ट्रातला मंगळवारी १४ ला.

ऑर्डरची शेवटची तारीख याच्या आधीची. चकली-लाडू करायला, गार व्हायला आणि डबा बांधायला दोन दिवस धरा. म्हणजे दिल्लीकडच्यांसाठी ७ ऑक्टोबर, दक्षिणेसाठी ९ आणि महाराष्ट्रासाठी १२.

एकच तारीख सगळ्यांना दिलीत की फसलात. १२ दिली तर दिल्लीवाला अडकतो. ७ दिली तर पुण्याची गिऱ्हाइकं उगाच हातची जातात, कारण पुणेकर ८ ते १२ मधेच जागे होतात.

पुणेकर_मूळचा_औंधचा (२४ सप्टेंबर)

जागे आम्ही लवकर होतो, फक्त ठरवायला वेळ घेतो. पण तारीख बरोबर आहे, माझी बायको दसऱ्यानंतरच यादी काढते.

सुगरण_सातारा (२४ सप्टेंबर)

हा हिशोब इतका सरळ होता आणि मी तीन वर्षं नुसता अंदाज बांधत होते. पावत्यांची पिशवी काढली आहे, रात्री बसते.

हळदवाला_सांगली (२४ सप्टेंबर)

थांबा, निम्मंच झालंय. तारीख पाळली तरी डबे जास्त झाले तर उशीर होणारच. कामाला कधी लागताय?

सुगरण_सातारा (२४ सप्टेंबर)

कोजागरीला, ६ तारखेला कढई चढवणार. पहिले डबे ७ ला निघतील.

हळदवाला_सांगली (२५ सप्टेंबर)

मग ७, ८, ९, १०, ११, १३ आणि १४, असे सात दिवस. रविवार १२ ला गाडी येत नाही, तो मोजू नका. सात गुणिले तीस, म्हणजे २१० डबे. गेल्या वर्षी तुम्ही २६० घेतले होते. वरचे पन्नास आणि तुमचे उशिरा पोचलेले ४७ यांची सोयरीक दिसते की नाही?

म्हणून सूचनेत तारखेबरोबर हेही लिहा की २१० डबे भरले की ऑर्डर बंद. वेबसाइटवर साठ्याचा आकडाच २१० टाका, म्हणजे ती आपोआप थांबेल, तुम्हाला कुणाला नाही म्हणावं लागणार नाही. आणि पहिल्या तीन दिवसांचे ९० डबे लांबच्या गावांसाठी राखा. पुण्याचा डबा ७ ला बांधून काय करायचा? तो थांबू शकतो, दिल्लीचा नाही.

मिरजकर (२५ सप्टेंबर)

हळदवाले दादा, मला हे पटत नाही. ऑर्डर बंद कशाला करायची? मी सतारीच्या तारा आणि नख्या विकतो. सुट्टीतही ऑर्डर घेतो, फक्त "२७ तारखेनंतर निघेल" एवढं लिहितो. लोक समजूतदार असतात. पन्नास डबे सोडले म्हणजे पन्नास डब्यांचे पैसे सोडले.

हळदवाला_सांगली (२५ सप्टेंबर)

तुमचं तुमच्या मालाला बरोबर आहे. सतारीची तार दिवाळीनंतर आली तरी वाजते. माझी हळदही तशीच, मी पण सुट्टीत ऑर्डर घेतो. पण पहिल्या अंघोळीचा फराळ २७ ला निघून काय उपयोग?

मिरजकर (२५ सप्टेंबर)

तुळशीच्या लग्नाला उपयोग. यंदा ते २ नोव्हेंबरला आहे. आमच्याकडे त्या दिवशी फराळ लागतोच, आणि दिवाळीचा डबा तोवर संपलेला असतो.

सुगरण_सातारा (२५ सप्टेंबर)

मिरजकर, हे मला सुचलंच नव्हतं. दिवाळी बंद केल्यावर वेगळा, छोटा डबा "तुळशीच्या लग्नासाठी, २९ ऑक्टोबरला निघणार" असा ठेवता येईल. दिवाळीच्या डब्यात मात्र मिसळणार नाही.

माहेरवाशीण_हैदराबाद (२६ सप्टेंबर)

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते. माझं माहेर सांगली. दर वर्षी कुठून ना कुठून फराळ मागवते आणि सूचना मी कधीच वाचत नाही. खरंच सांगते, दिसतच नाही. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर डब्याची लिंक पाठवतं, मी थेट त्या डब्याच्या पानावर जाते, पत्ता टाकते, पैसे भरते. तुमचं मुख्य पान माझ्या वाटेतच येत नाही.

आणि दुसरं, गेल्या वर्षी माझा डबा वेळेत आला होता, पण मी पत्ता ऑफिसचा दिला होता. आमच्या ऑफिसला चार दिवस सुट्टी. कुरियरवाला दोनदा येऊन गेला, कुलूप बघून परत गेला, आणि डबा फिरून पाठवणाऱ्याकडे. यात विक्रेत्याची चूक नव्हती, पण मला कुणी विचारलं असतं तर मी घरचा पत्ता दिला असता.

कोयनाकाठ_कराड (२६ सप्टेंबर)

ताईंनी माझ्या कामाचा मुद्दा काढला. मी कराडला वेबसाइटची कामं करतो. तुमची साइट WooCommerce वर आहे का?

सुगरण_सातारा (२६ सप्टेंबर)

हो. भाच्याने करून दिली आहे. मी Customize मध्ये जाऊन Store Notice मध्ये मजकूर टाकते, एवढंच येतं.

कोयनाकाठ_कराड (२६ सप्टेंबर)

मग ती सूचना सगळ्या पानांवर दिसते, पण खाली "Dismiss" लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकाने एकदा ते दाबलं की त्या ब्राउझरमध्ये ती पुन्हा येत नाही. म्हणजे कुणी १ तारखेला डबे नुसते बघून गेलं, सूचना बंद केली आणि १३ ला ऑर्डर द्यायला आलं, तर त्याला काहीच दिसणार नाही. मजकूर बदलला की मात्र ती नवी सूचना धरली जाते आणि सगळ्यांना परत दिसते. म्हणून प्रत्येक तारीख उलटली की मजकूर बदला. ७ नंतर उत्तरेची ओळ काढा, ९ नंतर दक्षिणेची. शिळी ओळ राहत नाही आणि सूचनाही ताजी दिसते.

डब्याच्या पानावर बटणाच्या अगदी वर एक ओळ हवी, ती बंद करता येणारी नको. भाच्याला हे द्या:

```php
add_action( 'woocommerce_before_add_to_cart_form', function () {
  $d = wp_date( 'Y-m-d' );
  if ( $d >= '2025-10-13' && $d <= '2025-10-26' ) {
    echo '<p>आज केलेली ऑर्डर २९ ऑक्टोबरला निघेल.</p>';
  }
} );
```

तारखा आपल्या घालायच्या. २६ उलटली की ओळ आपोआप जाईल. मी डिसेंबरातही "दिवाळीनिमित्त बंद" लिहिलेल्या साइट पाहिल्या आहेत. लोक समजतात धंदाच बंद पडला.

कोयनाकाठ_कराड (२६ सप्टेंबर)

आणि राहिलंच. Settings मध्ये Timezone बघा. ते UTC वर असेल तर १३ तारीख तुमच्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होईल. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या साइटवर संध्याकाळी ५ ला बंद व्हायची ऑर्डर रात्री साडेदहाला बंद झाली. तेवढ्यात १९ ऑर्डरी आल्या, आणि पैसे परत करण्यात त्यांचा पाडवा गेला. शिवाय साइटवर कॅश लावलेलं असेल तर मजकूर बदलल्यावर ते रिकामं करा, नाहीतर तुम्हाला नवा मजकूर दिसतो आणि गिऱ्हाइकाला जुनाच.

सुगरण_सातारा (२६ सप्टेंबर)

बघितलं. UTC च होतं. आता Kolkata केलं. दादा, तुमचे उपकार.

आजोबा_सांगली (२७ सप्टेंबर)

माझा मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याला फराळ पाठवायचा आहे. पोस्टात गेलो तर अमेरिकेची पार्सलं घेतच नाहीत म्हणाले. तुम्ही पाठवता का? शेवटची तारीख काय?

टपालकाका (२७ सप्टेंबर)

खरं आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून तिकडची पार्सलं बंद आहेत. त्यांनी आठशे डॉलरच्या आतल्या पार्सलांची करमाफी काढून टाकली, आणि कर कुणी कसा गोळा करायचा ते ठरेना. खाजगी कुरियरवाले घेतात, पण कर आणि भाडं धरून फराळाच्या किमतीच्या कितीतरी वर जातं. आधी त्यांच्याकडून आकडा लेखी घ्या.

सुगरण_सातारा (२७ सप्टेंबर)

आजोबा, आम्ही परदेशी पाठवत नाही. पण तुमच्यामुळे लक्षात आलं की सूचनेत तेही लिहायला हवं, नाहीतर लोक विचारत राहतात आणि त्यांचे दिवस जातात.

सुगरण_सातारा (२८ सप्टेंबर)

पावत्या पाहिल्या. पुणे-मुंबई चार दिवस, काही पाच. हैदराबाद सहा. दिल्ली आठ, नऊ. दादांच्या वहीशी जवळजवळ जुळतंय. हा मसुदा केला आहे:

"दिवाळीचा फराळ पहिल्या अंघोळीआधी घरी हवा असेल तर:
दिल्ली, उत्तर आणि पूर्व भारत: मंगळवार ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ५ पर्यंत ऑर्डर द्या.
कर्नाटक, तेलंगणा, तमिळनाडू, गुजरात, मध्य प्रदेश: गुरुवार ९ ऑक्टोबर.
महाराष्ट्र आणि गोवा: रविवार १२ ऑक्टोबर.
साताऱ्यात घरी येऊन नेणार असाल तर: गुरुवार १६ ऑक्टोबर.
यंदा कुरियरचे २१० डबे करणार आहोत. ते भरले तर ऑर्डर तारखेआधीच बंद होईल.
१८ ते २६ ऑक्टोबर आम्ही बंद आहोत. २७ ला कढई पुन्हा चढेल. तुळशीच्या लग्नाचा डबा २९ ला निघेल.
१५ ते १९ ऑक्टोबरला जिथे माणूस असेल तोच पत्ता द्या, ऑफिसचा नको. परदेशी पाठवत नाही."

चुका काढा.

माहेरवाशीण_हैदराबाद (२८ सप्टेंबर)

पहिल्यांदा असं वाटलं की सूचना माझ्याशी बोलते आहे. पत्त्याची ओळ मात्र इथे नको, पत्ता भरतात तिथे टाका. मी सांगितलं ना, वर मी वाचत नाही.

हळदवाला_सांगली (२८ सप्टेंबर)

चांगलं झालंय. एक शब्द जपून वापरा. तुम्ही "घरी हवा असेल तर" म्हणताय, म्हणजे पोचवायची हमी दिल्यासारखं होतं. तुमच्या हातात डबा निघणं आहे, पोचणं नाही. मी असं लिहितो: "या तारखेपर्यंतची ऑर्डर अमुक तारखेला आमच्याकडून निघेल. एरवीच्या सणाच्या अनुभवाप्रमाणे १८ पर्यंत पोचते." निघण्याची तारीख छातीठोक द्या, पोचण्याची अनुभवावर सोडा.

अजून एक. उत्तरेत दिवाळी २० लाच आहे आणि त्यानंतर छठ, २५ ते २८. वाटेतल्या गोदामांत आणि गाड्यांवर काम करणारी पुष्कळ मुलं तिकडची. ती छठ करूनच परततात. म्हणून २९ ला निघालेला डबाही उत्तरेत रेंगाळेल. तुळशीच्या लग्नाचा डबा महाराष्ट्रापुरताच ठेवा.

मिरजकर (२८ सप्टेंबर)

निघाला पण पोचला नाही, तर पैसे परत देणार का? ते सूचनेत नाही. मला तेच सर्वात मोठं वाटतं.

सुगरण_सातारा (२८ सप्टेंबर)

जाऊबाई म्हणतात द्यायचे. मी म्हणते, तारखेत ऑर्डर असेल आणि आमच्याकडून उशिरा निघाला असेल तर पूर्ण द्यायचे. कुरियरकडे अडकला तर काय करायचं ते अजून ठरत नाही.

हळदवाला_सांगली (२८ सप्टेंबर)

मी निम्मे देतो. बरोबर की चूक सांगता येणार नाही. काही जण तेवढ्यावरही नाराज होतात.

वाईकर (२९ सप्टेंबर)

ताई, आमच्याकडे कंदी पेढे कुरियरने मागतात. खवा चांगला भाजलेला असतो म्हणून साधे पेढे टिकतात त्याहून जास्त टिकतात. पण सणात आठ-नऊ दिवस वाटेत म्हटल्यावर माझी छाती होत नाही. हा धागा वाचून ठरवलं, फक्त पुणे-मुंबई, आणि १० नंतर नाही.

सुगरण_सातारा (२९ सप्टेंबर)

बरोबर केलंत दादा. आम्ही ओल्या नारळाची करंजी त्याच कारणाने डब्यातून काढली आहे. ती फक्त घरी येऊन नेणाऱ्यांना.

टपालकाका (१६ ऑक्टोबर)

सांगलीच्या आजोबांसाठी: कालपासून पोस्टाने अमेरिकेची पार्सलं पुन्हा घ्यायला सुरुवात केली आहे, कर इथेच आधी भरून घेतात. दिवाळीला पोचणार नाही, पण मुलाला चकली मिळेल.

आजोबा_सांगली (१६ ऑक्टोबर)

उद्याच जातो. धन्यवाद.

सुगरण_सातारा (३१ ऑक्टोबर)

मंडळी, उशीर झाला कळवायला, परवाच तुळशीच्या लग्नाचे डबे निघाले.

२१० डबे ११ तारखेला दुपारी संपले, म्हणजे महाराष्ट्राच्या तारखेच्या एक दिवस आधी. साठा शून्य झाल्यावर साइट थांबली. ११ आणि १२ मिळून तीसेक जणांचे फोन आले, सूचनेत १२ तारीख होती म्हणून. "डबे भरले तर आधीच बंद" ही ओळ तारखेच्या खाली होती आणि कुणी तिथवर वाचलं नव्हतं. पुढच्या वर्षी ती सर्वात वर घेणार.

२१० पैकी ७ डबे १८ नंतर पोचले. गुवाहाटीचे दोन २३ ला. दिल्लीचा एक २१ ला, तिथली दिवाळी आदल्या दिवशी होऊन गेली होती. तीन ठिकाणी पत्ता ऑफिसचाच होता, पत्त्याच्या जागी ओळ टाकूनही. सातवा पुण्यातच कोथरूडमध्ये चार दिवस फिरत होता, का ते कुरियरवाल्यालाही सांगता आलं नाही.

ते दोन दिवस सोडले तर फोन मात्र फार कमी आले, दिवसाला पाच-सात. गेल्या वर्षी शेवटच्या आठवड्यात मी लाडू वळता वळता कानाला फोन लावूनच असायचे.

नोएडाच्या ताईंनी यंदा ४ तारखेलाच ऑर्डर दिली. त्यांचा डबा ७ ला पहिल्या गाडीत टाकला, तो १५ ला पोचला. त्यांनी डबा उघडून ठेवलेला फोटो पाठवला, चकल्या शाबूत होत्या.

मिरजकर (३१ ऑक्टोबर)

आणि कुरियरकडे अडकलेल्यांचे पैसे?

सुगरण_सातारा (३१ ऑक्टोबर)

गुवाहाटी, दिल्ली आणि पुण्याच्या डब्यांचे निम्मे दिले. ऑफिसच्या पत्त्यांचे दिले नाहीत. त्यातल्या एका काकांना ते पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, ओळ बारीक अक्षरात होती. मी जाऊन पाहिलं, खरंच बारीक होती. काय करू ते अजून ठरलेलं नाही.

माहेरवाशीण_हैदराबाद (१ नोव्हेंबर)

पत्त्याखाली ओळ ठेवण्यापेक्षा "हा पत्ता घराचा आहे की ऑफिसचा" असं विचारून टिक करायला लावलं तर? टिक केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

कोयनाकाठ_कराड (१ नोव्हेंबर)

करता येईल. ताई, भाच्याला माझा निरोप द्या, मी बसून करून देतो.